बी.एड. करताना बाळंतपण: रजा, हजेरी, परीक्षा आणि शिष्यवृत्ती यांचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कोणत्याही बी.एड. कॉलेजच्या वर्गात विवाहित विद्यार्थिनी हमखास असतात. पदवी झाल्यावर लग्न ठरते, लग्नानंतर बी.एड.ला प्रवेश घेतला जातो आणि दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमातच बाळंतपण येते. अशा वेळी घरचे विचारतात, ‘तुला रजा मिळेल ना?’ कॉलेजचे कार्यालय सांगते, ‘रजा घ्या, पण हजेरी भरली पाहिजे.’ दोन्ही वाक्ये आपापल्या जागी खरी आहेत. तरीही त्यांच्या मधल्या फटीत अनेक जणींचे एक वर्ष जाते, कारण रजा मंजूर होणे आणि हजेरी भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना निकालाच्या तोंडावर कळते. या लेखात बी.एड. हाच नमुना घेतला आहे. त्याचे हजेरीचे नियम इतर पदव्यांपेक्षा कडक आहेत, त्यामुळे इथला हिशेब समजला की इतर अभ्यासक्रमांचा समजणे सोपे जाते.

नोकरीतला कायदा वर्गात का चालत नाही

प्रसूती रजा म्हटले की बहुतेकांना २६ आठवडे आठवतात. ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि ती पगारावर काम करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. विद्यार्थिनी आणि कॉलेज यांच्यात मालक व कामगार असे नाते नसल्यामुळे तो कायदा दाखवून कॉलेजकडे रजा मागता येत नाही.

विद्यार्थिनींसाठी आधार वेगळा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी सर्व कुलगुरूंना पत्र लिहिले. विद्यापीठांनी आपल्या आणि संलग्न कॉलेजांतील विद्यार्थिनींसाठी मातृत्व रजेचे नियम करावेत, तसेच पदवी व पदव्युत्तर वर्गांत हजेरीत सवलत, परीक्षा अर्जाला मुदतवाढ आणि गरजेप्रमाणे इतर सोयी द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. पीएच.डी.साठी आयोगाने याआधीच थेट नियमात २४० दिवसांपर्यंतची रजा लिहून ठेवली होती. पदवीच्या पातळीवर मात्र दिवसांचा आकडा आयोगाने ठरवला नाही, तो विद्यापीठांवर सोपवला. केरळमधील महात्मा गांधी विद्यापीठाने २०२२ च्या अखेरीस तो ६० दिवस असा ठरवला. जिथे आकडा ठरलेला नाही तिथे विद्यार्थिनीने मागायचे आणि विद्यापीठाने त्या पत्राच्या आधारे विचार करायचा, अशी स्थिती असते. आयोगाचे पत्र विनंतीच्या भाषेत आहे, त्यामुळे ते हुकमाइतके भक्कम नाही. मात्र अर्जात त्याच्या तारखेसह उल्लेख असला की ‘असे काही नसतेच’ हे कार्यालयाचे उत्तर टिकत नाही.

आधी हजेरी, मग परीक्षा

एखादी विद्यार्थिनी हजेरी पूर्ण असूनही बाळंतपणामुळे परीक्षेला बसू शकली नाही, तर तिची फक्त परीक्षा राहते. पुढच्या संधीला ती तेच पेपर देते, वर्गात पुन्हा बसावे लागत नाही. हजेरीच कमी पडली तर तिला हॉलतिकीट मिळत नाही आणि ते सत्र पुन्हा करावे लागते, म्हणजे मागच्या तुकडीसोबत पुन्हा नाव नोंदवून वर्गात बसावे लागते. पहिल्या नुकसानीत काही महिने जातात, दुसरीत बहुधा पूर्ण वर्ष जाते, कारण तेच सत्र वर्षातून एकदाच भरते.

प्रत्यक्षात मात्र घरोघरी चिंता उलट क्रमाने केली जाते. ‘परीक्षेच्या वेळी बाळ किती दिवसांचे असेल?’ हा प्रश्न पाचव्या महिन्यापासून विचारला जातो आणि हजेरीचा हिशेब कोणी मांडतच नाही. माझ्या मते गरोदरपण कळताच पहिला कागद हजेरीचा काढावा.

बी.एड.चे निकष राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने, म्हणजे एन.सी.टी.ई.ने, २०१४ मध्ये ठरवले. वर्गातील अध्यापन आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के आणि शाळेतील इंटर्नशिपला किमान ९० टक्के हजेरी लागते. वर्षाला किमान २०० दिवस काम चालले पाहिजे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करावा लागतो. याचा अर्थ संपूर्ण बी.एड.मध्ये फक्त एक वर्ष शिलकीत असते, हे लक्षात ठेवावे.

रजेचे दिवस कुठे धरायचे

दुधाचा रतीब लावलेले घर गावाला जाणार असेल आणि गवळ्याला आधी सांगून जात असेल, तर ते आठ दिवस बिलात येत नाहीत. न सांगता कुलूप लावून गेले तर दूध दारात येते आणि बिलातही लागते. मंजूर रजा आणि नुसती गैरहजेरी यांत हाच फरक आहे: मंजूर रजेचे दिवस एकूण दिवसांतून वगळले जाऊ शकतात, न कळवलेले दिवस मात्र एकूण दिवसांत राहतात आणि टक्केवारी खाली ओढतात.

आकड्यांत पाहू. समजा खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी दुसऱ्या सत्रात आहे. तिच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० जून, म्हणजे त्यात २८० दिवस मिळवून डॉक्टरांनी काढलेली संभाव्य तारीख १७ मार्च. सत्र २ फेब्रुवारीला सुरू होते आणि त्यात कामाचे १०० दिवस आहेत. फेब्रुवारीतील २४ दिवसांपैकी २३ दिवस ती वर्गात येते. मार्चच्या पहिल्या सोमवारपासून आठ आठवड्यांची रजा घेते. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वजा केल्यावर त्या काळात कॉलेजचे ४२ दिवस असतात. बाळंतपण होऊन सुमारे सहा आठवडे झाल्यावर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ती परतते. उरलेल्या ३४ दिवसांपैकी ती ३१ दिवस हजर राहते. एकूण प्रत्यक्ष हजेरी ५४ दिवस.

आता कार्यालय हा आकडा तीन प्रकारे मांडू शकते. रजेची दखलच घेतली नाही तर १०० पैकी ५४, म्हणजे ५४ टक्के आणि सत्र गेले. दुसरा प्रकार तूट माफ करण्याचा, ज्याला कॉलेजात ‘कंडोनेशन’ म्हणतात. आजारपणाच्या कारणाने काही टक्के तूट माफ करण्याची सोय अनेक विद्यापीठांत असते. ती १० टक्के धरली तरी किमान मर्यादा ७० वर येते आणि ५४ तिथपर्यंत पोहोचत नाहीत. तिसरा प्रकार मंजूर रजेचे दिवस एकूणमधून वगळण्याचा: १०० मधून ४२ गेले, राहिले ५८, त्यांपैकी ५४ हजर, म्हणजे ९३ टक्के. विद्यार्थिनी तीच, दिवस तेच, पण एका मांडणीत ती नापात्र आहे आणि दुसरीत वर्गातील अनेकांपेक्षा नियमित ठरते.

म्हणून अर्जात केवळ ‘मला रजा मिळावी’ एवढे लिहिणे अपुरे आहे. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मातृत्व रजा मंजूर करावी आणि या काळातील कामाचे दिवस हजेरीच्या एकूण दिवसांतून वगळावेत’ असे दोन्ही भाग लिहून मागावेत. पहिला भाग मंजूर करून दुसऱ्याबद्दल काहीच न लिहिलेले पत्र हातात आले, तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावे, सत्राच्या शेवटी नव्हे. आणखी एक खाचखळगा आहे: बऱ्याच ठिकाणी टक्केवारी विषयवार काढतात. एखाद्या विषयाचे तास रजेच्या काळात अधिक झाले असतील तर सरासरी ठीक असूनही त्या एका विषयात तूट दिसते, त्यामुळे परतल्यावर प्रत्येक विषयाच्या हजेरीपत्रकाची एकेक प्रत पाहावी.

रजा संपली, पण बाळ बरे नाही

हिशेब बिघडतो तो बहुधा इथे. वरील विद्यार्थिनीच्या बाळाला कावीळ झाली आणि रजा संपल्यानंतर ती आणखी १० दिवस येऊ शकली नाही, असे धरू. तिने कळवले नाही तर हजेरी ४४ होते आणि एकूण ५८ च राहतात. टक्केवारी ७६ च्या किंचित खाली येते, म्हणजे ९३ वरून थेट नापात्र. तिने रजा संपण्याआधी डॉक्टरांच्या दाखल्यासह मुदतवाढ मागितली आणि ती मिळाली, तर एकूण दिवस ४८ होतात आणि ४४ हजर म्हणजे जवळपास ९२ टक्के. अर्ज वेळेत गेला की नाही, एवढाच दोन्हीतला फरक.

बाळंतपणाची तारीख डॉक्टर सांगतात ती अंदाजाची असते. त्या तारखेच्या दोन आठवडे अलीकडे किंवा पलीकडे बाळंत होणे नेहमीचे आहे आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाली तर सावरायला जास्त दिवस लागतात. त्यामुळे पहिल्याच अर्जात ‘प्रसूतीच्या प्रत्यक्ष तारखेनुसार कालावधी पुढेमागे करण्याची मुभा असावी’ असे वाक्य घालून ठेवावे. बाळंत झाल्यावर आठवड्याच्या आत प्रत्यक्ष तारीख प्राचार्यांना लेखी कळवावी. हे काम नवऱ्याने किंवा भावाने केले तरी चालते, पण पोच मात्र घ्यावी.

‘मेडिकल लावून टाकू’ हा सल्ला

कार्यालयातील कारकून चांगल्या हेतूने सांगतात, ‘एवढे कशाला, मेडिकल सर्टिफिकेट आणा.’ हा रस्ता छोट्या तुटीसाठी ठीक आहे. पण बाळंतपण आजारपण म्हणून नोंदवले की ते तूट-माफीच्या मर्यादित टक्क्यांत बसवावे लागते आणि वरच्या हिशेबात पाहिल्याप्रमाणे आठ आठवडे त्यात मावत नाहीत. शिवाय गरोदरपणात सुरुवातीच्या उलट्या, रक्तदाब किंवा डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती यांसाठी ती टक्केवारी लागणारच असते. ती बाळंतपणावर खर्च केली तर हातात काही उरत नाही. प्रसूतीपूर्वीची आजारपणे मेडिकलवर आणि बाळंतपण मातृत्व रजेवर, अशी दोन वेगळी खाती ठेवावीत.

दाखल्यावर काय लिहिलेले आहे, याकडेही लक्ष द्यावे. नुसते ‘विश्रांतीची गरज आहे’ हे वाक्य मातृत्व रजेसाठी पुरत नाही. गरोदरपणाचे आठवडे, संभाव्य तारीख आणि शिफारस केलेला कालावधी असे तिन्ही हवेत. कर्नाटकात आरोग्य खाते देते ते ‘तायी कार्ड’ या कामी फार उपयोगी पडते, कारण त्यावर शेवटच्या पाळीची आणि संभाव्य प्रसूतीची तारीख सुरुवातीच्या तपासणीपासून नोंदलेली असते. नंतर ‘दाखला मागाहून आणला’ असा संशय कोणी घेऊ शकत नाही.

इंटर्नशिपचे गणित वेगळे

वर्गातील तास वगळून चालतात, पण शाळेतील इंटर्नशिप वगळून चालत नाही. एन.सी.टी.ई.च्या आराखड्यात दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत काम करायचे असते. आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवस, त्याचे ९० टक्के म्हणजे किमान ८७ दिवस. चुकवता येणारे दिवस फक्त ९. इथे रजेचे दिवस एकूणमधून काढा अशी मागणी करण्यात अर्थ नाही, कारण शाळेत प्रत्यक्ष पाठ घेतलेच गेले नाहीत तर प्रशिक्षण झालेच नाही, असे विद्यापीठ म्हणेल आणि त्यात त्याचे चुकणार नाही.

मागायचे ते वेळापत्रक बदलून. इंटर्नशिप सुरू होण्याआधी बाळंतपण अपेक्षित असेल तर प्राचार्यांकडे लेखी मागावे की आपले आठवडे पुढे ढकलून नंतर पूर्ण करू द्यावेत. शक्य असल्यास घराजवळची शाळा मागावी, म्हणजे मधल्या सुट्टीत बाळाकडे जाता येते. शाळा चालू असलेल्या महिन्यांतच हे आठवडे बसवावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप करता येत नाही आणि नेमके हेच नियोजनात विसरले जाते. बाळंतपण इंटर्नशिपच्या मधोमध येत असेल आणि आठवडे पुढे ढकलण्यास त्या शैक्षणिक वर्षात जागाच नसेल, तर ते सत्र पुढच्या वर्षी करणे हाच सरळ मार्ग उरतो. वर म्हटलेले शिलकीचे वर्ष तेव्हा वापरावे.

परीक्षाच बाळंतपणात आली तर

‘माझ्यासाठी परीक्षा पुढे ढकलतील का?’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, कारण परीक्षा दोन प्रकारच्या आहेत.

अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, पाठ टाचणे, प्रात्यक्षिकांच्या वह्या हे सगळे कॉलेजच्या हातात असते. बेळगावकडे सर्रास ‘आय.ए.’ म्हणतात ते हेच गुण. यांची तारीख प्राचार्य बदलू शकतात आणि बहुतेक प्राध्यापक आधी सांगितले तर अडवत नाहीत. अट एवढीच की अंतर्गत गुण विद्यापीठाला पाठवण्याची शेवटची तारीख उलटता कामा नये. ती तारीख विचारून घ्यावी आणि रजेवर जाण्याआधी जेवढ्या चाचण्या आटोपता येतील तेवढ्या आटोपाव्यात.

सत्राअखेरची परीक्षा मात्र विद्यापीठाची असते आणि ती एका विद्यार्थिनीसाठी वेगळी घेतली जाणे जवळपास अशक्य असते. स्वतंत्र प्रश्नपत्रिका काढणे, ती गुप्त ठेवणे, तपासणे हा सगळा व्याप एका व्यक्तीसाठी उभा राहत नाही. व्यवहारात मिळते ती पुढची संधी, पुनर्परीक्षार्थींसोबत. त्यामुळे परीक्षा अर्ज आणि शुल्क वेळेत भरावे. रजेमुळे ती मुदत चुकली तर मुदतवाढ मागावी, कारण आयोगाच्या पत्रात परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीचा स्वतंत्र उल्लेख आहे. मग परीक्षेच्या दिवशी बसता आले तर बसावे, नाही तर दाखला जोडून गैरहजेरीचे कारण लेखी कळवावे. पाचपैकी दोन पेपर देऊन तीन राहिले, तरी दिलेले दोन वाया जात नाहीत.

इथे एक किंमत मोजावी लागू शकते. राहिलेले पेपर नंतर दिल्यास बहुतेक विद्यापीठे रँकसाठी विचार करत नाहीत, कारण रँकसाठी सर्व पेपर पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होण्याची अट असते. गुणपत्रिकेवर ‘प्रयत्न’ कसा नोंदला जाईल, हे आधीच विचारून ठेवावे.

परीक्षेच्या वेळी बाळ दीड-दोन महिन्यांचे असेल तर वेगळी परीक्षा नको, सोय हवी असते: तळमजल्यावरील खोली, बाळाला घेऊन सोबत आलेल्या आजीला बसायला जागा, मध्ये दूध पाजण्यासाठी परवानगी. हे केंद्रप्रमुखांच्या अखत्यारीत येते, पण आदल्या दिवशी तोंडी मागून भागत नाही. हॉलतिकीट हाती येताच लेखी अर्ज द्यावा.

शिष्यवृत्ती कुठे अडते

कर्नाटकात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांचे अर्ज राज्याच्या एस.एस.पी. पोर्टलवर भरले जातात. शिष्यवृत्ती देणारे खाते विद्यार्थिनीची वेगळी हजेरी घेत नाही, ते कॉलेजच्या पडताळणीवर चालते. म्हणजे कॉलेजच्या नोंदीत ती ‘गैरहजर’ असेल तर तिथेही गैरहजर, आणि ‘मंजूर रजेवर, पटावर कायम’ असेल तर तिथेही तसेच. रजामंजुरीच्या पत्राची प्रत शिष्यवृत्ती पाहणाऱ्या कारकुनाकडे स्वतंत्रपणे द्यावी, कारण हजेरी आणि शिष्यवृत्ती ही टेबले बहुधा वेगळी असतात आणि एका टेबलावरचा कागद दुसऱ्यावर आपोआप जात नाही.

परीक्षा राहिली म्हणून शिष्यवृत्ती बंद होते, ही भीती पूर्णपणे खरी नाही. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर योजनेच्या नियमांत फार पूर्वीपासून अशी तरतूद आली आहे की आजारपण किंवा अनपेक्षित कारणाने वार्षिक परीक्षेला बसता आले नाही, तर वैद्यकीय दाखला आणि ‘बसली असती तर उत्तीर्ण झाली असती’ असे संस्थाप्रमुखांचे प्रमाणपत्र यांच्या आधारे शिष्यवृत्ती पुढील वर्षासाठी नूतनीकृत करता येते. असे प्रमाणपत्र प्राचार्य आधीच्या सत्रांच्या गुणांवरून देतात, म्हणून मागच्या गुणपत्रिका अर्जाला जोडाव्यात.

विवाहितांची खरी अडचण बहुतेक वेळा हजेरीची नसतेच, ती कागदांची असते. त्याच योजनेच्या नियमानुसार, कमावती नसलेल्या विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत वडिलांचे नव्हे, तर पतीचे उत्पन्न धरले जाते. लग्नाआधी नाडकचेरीतून काढलेला वडिलांच्या नावाचा उत्पन्न दाखला लग्नानंतर लावला की पडताळणीत प्रश्न येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे नाव असेल, तर पोर्टलवर नावे जुळत नाहीत. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही खात्यात पडत नाही. ही कामे सातव्या महिन्याआधी उरकावीत, कारण बोटांचे ठसे आणि ओटीपी यांसाठी स्वतः जावे लागते आणि बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर न पाठवणाऱ्या घरांत पोर्टलची मुदत कोणी लक्षात ठेवत नाही.

माहेर सीमेपलीकडे असेल तर

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे बेळगावकडच्या अनेक सुना चंदगड, गडहिंग्लज, आजरा किंवा कागल तालुक्यात जातात. तिथला सरकारी किंवा नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला कर्नाटकातील कॉलेजने नाकारावा असे काही कारण नाही. डॉक्टरांची नोंदणी कोणत्या राज्यातील, यावर दाखल्याची वैधता अवलंबून नसते. पण दाखला मराठीत असेल तर कार्यालयात तो वाचणारा कदाचित नसेल, म्हणून डॉक्टरांना तो इंग्रजीत लिहायला सांगावा. विद्यापीठाला जाणारा अर्जही कन्नड किंवा इंग्रजीत असला की मधल्या टेबलावर अडकत नाही. तत्त्वासाठी मराठीत अर्ज करणे हा वेगळा विषय झाला. इथे मोजकेच दिवस हातात असतात, त्यामुळे अर्ज लवकर पुढे सरकण्याला प्राधान्य द्यावे. बाळंतपण महाराष्ट्रात झाले तर प्रसूतीच्या तारखेचा पुरावा म्हणून रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड नीट जपून ठेवावे.

‘मग इतरांवर अन्याय नाही का?’

हा आक्षेप वर्गातही येतो आणि न्यायालयातही आला आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कण्णूर विद्यापीठाच्या एका बी.एड. विद्यार्थिनीला गरोदरपणामुळे पडलेल्या हजेरीच्या तुटीत सवलत नाकारली. त्यामागचा विचार असा की नियमित अभ्यासक्रमात हजेरी हा शिक्षणाचाच भाग आहे आणि तो प्रत्येकाला सारखा लागू आहे. हा विचार निराधार नाही, विशेषतः शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात.

दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वेगळी दिशा घेतली. मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीची मातृत्व रजा ‘नियमात तरतूद नाही’ म्हणून नाकारली गेली होती. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तिच्या ५९ दिवसांच्या रजेचा फेरविचार करण्यास सांगितले आणि त्यानंतर सैद्धांतिक तासांची ८० टक्के हजेरी भरत असेल तर तिला परीक्षेला बसू द्यावे, असा आदेश दिला. शिक्षण की मातृत्व, अशी निवड करण्याची सक्ती नागरिकांवर करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. याआधी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही एका तंत्रज्ञान विद्यापीठाला विद्यार्थिनींसाठी असे नियम करण्यास सांगितले होते.

दिल्लीच्या आदेशात ८० टक्क्यांची अट मोडलेली नाही, हे नीट पाहिले पाहिजे. टक्केवारी कायम राहिली आणि प्रश्न फक्त ती कोणत्या दिवसांवर काढायची, एवढाच उरला. म्हणून ‘एन.सी.टी.ई.चा नियम आहे, आम्ही कमी करू शकत नाही’ असे कॉलेज म्हणते तेव्हा, आपण तो कमी करायला सांगतच नाही, हे शांतपणे दाखवता येते. वरील उदाहरणातील विद्यार्थिनीने ५८ दिवसांपैकी ५४ दिवस वर्गात काढले आहेत. इतरांपेक्षा कमी नियमित असण्याची सूट तिने मागितलेली नाही.

‘त्यापेक्षा एक वर्ष सोडलेले बरे’

कधी कधी हेच बरे असते: जुळी बाळे, जोखमीचे गरोदरपण किंवा इंटर्नशिपच्या ऐन मध्यात येणारी तारीख. पण न सांगता कॉलेज सोडून देणे आणि लेखी परवानगीने सत्र थांबवणे यांत फरक आहे. पहिल्यात पटावरून नाव कमी होऊ शकते आणि मग पुनर्प्रवेश, शुल्क आणि शिष्यवृत्तीचे नूतनीकरण हे सगळे नव्याने मागावे लागते. शिवाय तीन वर्षांची मर्यादा प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जाते, थांबलेले महिने त्यातून वजा होत नाहीत. पहिल्या वर्षी शिलकीचे वर्ष वापरले आणि नंतर एखाद्या पेपरात अडकायला झाले, तर पुढे जागा उरत नाही.

अर्ज कोणाकडे, आणि नकार मिळाला तर

अर्ज प्राचार्यांना उद्देशून लिहावा आणि त्यांच्या शिफारशीसह विद्यापीठाकडे पाठवण्याची विनंती त्यातच करावी. कर्नाटकातील राज्य विद्यापीठांत दोन कुलसचिव असतात: एक प्रशासनाचे आणि एक मूल्यमापनाचे. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातही तसेच. परीक्षा अर्ज, हॉलतिकीट आणि राहिलेले पेपर हा विषय मूल्यमापन कुलसचिवांचा, तर रजा आणि नियमांचा विषय दुसऱ्यांचा. एकाच पत्रात सगळे लिहिले तर ते कोणत्या तरी एका विभागात थांबते, म्हणून हजेरीसाठी आणि परीक्षेसाठी दोन स्वतंत्र पत्रे द्यावीत. संभाव्य तारखेच्या किमान दोन महिने आधी ती गेली पाहिजेत, कारण प्राचार्यांपासून कुलसचिवांपर्यंत आणि परत हा प्रवास तेवढा वेळ घेतो.

तोंडी नकार मिळाला तर तो लेखी मागावा. लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विद्यापीठाकडे विचारता येते की मातृत्व रजेबाबत आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्रावर कोणती कार्यवाही झाली आणि आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि अनेकदा प्रश्न पोहोचल्यावरच फाइल हलते.

शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाचा. बेळगाव जिल्हा कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो, त्यामुळे बंगळूरला जावे लागत नाही. केरळ किंवा दिल्लीचा निकाल तिथे बंधनकारक नसतो, तो केवळ मार्गदर्शक म्हणून मांडता येतो आणि निकाल कोणत्याही बाजूने लागू शकतो, हे वकिलाने स्पष्ट सांगितले पाहिजे. जायचे असेल तर हॉलतिकिटे वाटली जाण्याआधी जावे. परीक्षा तोंडावर असताना न्यायालय अंतरिम आदेशाने विद्यार्थिनीला पेपर लिहू देऊ शकते आणि निकाल अंतिम निर्णयापर्यंत राखून ठेवायला सांगू शकते. परीक्षा होऊन गेल्यावर मात्र तशी सोय करण्यासारखे न्यायालयाच्या हातातही फारसे उरत नाही.